पॅनोरमाच्या फाटक्या कडा क्रॉप न करता भरायच्या कशा

पॅनोरमा शिवून झाला की चारही बाजूंनी कडा करवतीसारख्या दातेरी निघतात. मग बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. एक तर क्रॉप टूल घेऊन आतला सरळ चौकोन कापतात आणि आकाशाचा नाहीतर पायथ्याचा मोठा तुकडा घालवून बसतात. नाहीतर भरण्याची खूण टिचकीसरशी लावतात आणि त्याच गवताचा त्याच जागी चार वेळा उगवलेला झुबका तसाच इंटरनेटवर टाकतात. रिकामी जागा आजूबाजूच्या पोताने भरणारं फोटोशॉपचं कंटेंट-अवेअर फिल वाईट नाही, पण त्याची पाळी शेवटी येते. त्याच्या आधीची कामं चुकीच्या क्रमाने झाली असतील तर त्याला दोष देऊन उपयोग नाही.

उदाहरण म्हणून हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा माझा एक पॅनोरमा घेतो. कडा आतल्या बाजूला वळलेला आणि पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकापर्यंत बघायचं तर मान जवळजवळ अर्धवर्तुळ फिरते, म्हणजे एका फ्रेममध्ये तो मावणं शक्यच नाही. मी हातात कॅमेरा धरून सात उभ्या फ्रेम काढल्या. ३५ एमएम लेन्स, फुल फ्रेम, २४ मेगापिक्सेल. शिवल्यावर कॅनव्हास आला साधारण १८,८०० बाय ६,७०० पिक्सेलचा. आतला सरळ चौकोन कापला असता तर उंची जेमतेम ५,१०० उरली असती. म्हणजे पाव चित्र कचऱ्यात, आणि त्यात पायाशी फुललेली सोनकीही.

## १. फोटो काढतानाच कडांचा विचार करा

कॅमेरा उभा धरा. आडव्या फ्रेमांनी लांबच लांब, पण पट्टीसारखा अरुंद पॅनोरमा मिळतो आणि मग भरायला वर-खाली काहीच उरत नाही. ३५ एमएम उभा धरला की रुंदीत सुमारे ३८ अंश दिसतात. शेजारच्या दोन फ्रेमांत एक तृतीयांशापेक्षा थोडा जास्त भाग सामाईक ठेवला तर सात फ्रेमांत १८५ अंशांच्या आसपास पोचता येतं. एपीएस-सी कॅमेरा असेल तर २४ एमएमवर जवळपास हाच हिशोब बसतो.

एक्स्पोजर मॅन्युअल. आधी सर्वांत उजळ भागाकडे कॅमेरा वळवा, तिथलं आकाश पांढरं पडणार नाही अशी सेटिंग ठरवा आणि मग सगळ्या फ्रेमांना तीच ठेवा. व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर, फोकस एकदा लावून मॅन्युअलवर. पोलरायझर काढून ठेवा. इतक्या रुंद आकाशात तो मधेच एक गडद पट्टा उमटवतो. पुढे भरताना सॉफ्टवेअर त्या पट्ट्यातूनच रंग उचलतं आणि कोपऱ्यात निळा डाग येतो.

आता खरी गोची. हातात कॅमेरा धरून आपण स्वतःभोवती फिरतो, लेन्सभोवती नाही. हात पुढे असतात, त्यामुळे प्रत्येक फ्रेमला लेन्स थोडी सरकते. समोरची दरी दूर आहे, तिला फरक पडत नाही. पण पायाजवळचा दगड हाताच्या अंतरावर असेल तर तो मागच्या कड्याच्या तुलनेत प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी दिसतो, आणि असा दगड कुठलंही सॉफ्टवेअर नीट जुळवू शकत नाही. म्हणून कोपर अंगाला चिकटवा, कॅमेरा चेहऱ्याजवळ घ्या आणि कॅमेरा जिथे आहे तीच जागा कायम ठेवून पावलं तिच्याभोवती फिरवा. सर्वांत जवळची वस्तू तीन-चार मीटरच्या आत येऊ देऊ नका. कोकणकड्यावर याचा अर्थ सरळ आहे, कडेपासून मागे या. तसंही तिथे कडेला उभं राहून फोटो काढायचा नसतो.

क्षितिज फ्रेमच्या मध्यावर ठेवा. कॅमेरा खाली किंवा वर झुकवून फिरलात तर शिवलेलं चित्र केळ्यासारखं वाकतं आणि कडांवरची रिकामी जागा दुप्पट होते. शिवाय दोन्ही टोकांना एकेक जादा फ्रेम काढा. जादा फ्रेम काढायला दोन सेकंद लागतात, तेच टोक नंतर भरायला अर्धा तास जातो.

मी प्रत्येक मालिकेच्या आधी आणि नंतर लेन्ससमोर हात धरून एक फोटो काढतो. घरी आल्यावर शंभर सारख्या दिसणाऱ्या दऱ्यांमधून कुठून कुठपर्यंत एक पॅनोरमा आहे, ते त्या दोन पंज्यांवरून लगेच कळतं.

तपासा: जागा सोडण्याआधी स्क्रीनवर पहिली आणि शेवटची फ्रेम बघा. क्षितिज दोन्हींत साधारण सारख्या उंचीवर आहे का? माझं नव्हतं. उजवीकडे जाताना कॅमेरा हळूहळू खाली उतरला होता आणि मी बघितलंच नाही. पुढची निम्मी मेहनत त्यामुळे वाढली.

## २. शिवण्याआधी सगळ्या फ्रेमांना एकच पाणी

रॉ फाइल्स एकत्र उघडा, मधल्या फ्रेमवर काम करा आणि तीच सेटिंग सगळ्यांना सिंक करा. एकेका फोटोवर ऑटो दाबणं ही सर्वाधिक दिसणारी चूक आहे. प्रत्येक फ्रेमचा उजेड वेगळा होतो आणि आकाशात उभे पट्टे पडतात.

या टप्प्यावर तीन गोष्टी करायच्या. लेन्स प्रोफाइल करेक्शन सुरू करायचं, म्हणजे कोपऱ्यांचा काळपटपणा जातो. सेन्सरवरच्या धुळीचे डाग पुसायचे आणि तेही सिंक करायचे, कारण डाग सगळ्या फ्रेमांत एकाच जागी असतो. डाग राहिला तर तो पॅनोरमात सात वेळा दिसेल आणि भरताना आठव्यांदा उगवेल. तिसरं म्हणजे हायलाइट आणि शॅडो माफक सावरायचे, बस. कॉन्ट्रास्ट, शार्पनिंग, डीहेझ, मुद्दाम घातलेलं विन्येट हे सगळं शेवटी. क्रॉप तर अजिबात नाही, एकाही फ्रेमला.

१६-बिटमध्ये फोटोशॉपला पाठवा. आकाशाचे हलके चढउतार भरताना ८-बिटमध्ये पायऱ्या लवकर दिसू लागतात.

## ३. शिवण: खूण कुठे लावायची, कुठे नाही

फोटोशॉपमध्ये `File > Automate > Photomerge` उघडा आणि फाइल्स जोडा. डावीकडे मांडणीचे पर्याय असतात. `Auto` वर सोडू नका. `Perspective` सरळ रेषा सरळ ठेवतं, पण दोन्ही टोकं फुलपाखराच्या पंखांसारखी ताणतं. १२० अंशांच्या आसपासच ते हाताबाहेर जातं, आमच्या १८५ अंशांना तर ते चालणारच नाही. एका ओळीत काढलेल्या रुंद पॅनोरमाला `Cylindrical` घ्या. फ्रेमांच्या दोन-तीन ओळी असतील तर `Spherical`.

खाली `Blend Images Together` ला खूण असू द्या. लेन्स प्रोफाइल आधीच लावलं असेल तर `Vignette Removal` आणि `Geometric Distortion Correction` रिकामे ठेवा.

आणि `Content Aware Fill Transparent Areas` ची खूण काढून टाका. लेख भरण्याबद्दल आहे आणि मी भरण्याचीच खूण काढायला सांगतोय, हे विचित्र वाटेल. पण ती खूण ठेवली तर सॉफ्टवेअर सगळ्या कडा एकदम भरतं. आकाश कुठून उचलायचं आणि गवत कुठून, यावर तुमचा काहीच ताबा राहत नाही. शिवाय जोड चुकला आहे की भरणं चुकलं आहे, ते नंतर ओळखता येत नाही. लाइटरूमच्या पॅनोरमा खिडकीतल्या `Fill Edges` चीही हीच गत. एकसारखं आकाश आणि समुद्र असेल तर ते ठीक चालतं, कातळ आणि झाडी असेल तर नाही.

काही वेळा `Some images could not be automatically aligned` असा निरोप येतो. सह्याद्रीत याचं नेहमीचं कारण धुकं. मधल्या फ्रेममध्ये जुळवायला एकही ठसठशीत तपशील नसतो. सामाईक भाग कमी पडला असेल तरी हेच होतं. अशा वेळी धुक्याच्या फ्रेमा शेवटच्या टोकाला असतील तर त्या सोडून द्या. मधोमध असतील तर तो पॅनोरमा गेला, पुढचा बघा.

तपासा: शिवून झाल्यावर लगेच १०० टक्क्यांवर झूम करून डावीकडून उजवीकडे संपूर्ण चित्र पालथं घाला. कड्याची धार कुठे तुटली आहे का, एखादा माणूस दोनदा आला आहे का, ढग अर्धवट कापला गेला आहे का. प्रत्येक फ्रेम मास्कसह वेगळ्या लेअरवर असते. चूक सापडली तर त्या दोन मास्कवर काळ्या-पांढऱ्या ब्रशने जोड दुसरीकडे सरकवा. जोड गवतातून गेला तर कुणाला दिसत नाही, कड्याच्या धारेवरून गेला तर सगळ्यांना दिसतो.

## ४. आधी सरळ करा, मग ओढा, मग भरा

हा क्रम उलटा झाला की काम दोनदा करावं लागतं. भरून झाल्यावर चित्र अर्धा अंश फिरवलंत तर चार नवे रिकामे कोपरे तयार.

जोड पटले की सगळ्यात वर `Ctrl+Shift+Alt+E` दाबून एकत्रित लेअर करा. मॅकवर `Cmd+Shift+Option+E`. खालचे लेअर बंद करा, पण उडवू नका. आता क्षितिजावर रूलरमधून एक गाइड ओढा आणि `Edit > Free Transform` ने चित्र त्या गाइडला समांतर करा.

मग `Edit > Transform > Warp`. इथे भरायची जागा निम्म्यावर आणता येते. माझ्या पॅनोरमात डावीकडे तळाशी ६२० पिक्सेल खोल खाच होती आणि उजवीकडे वर ५६० ची. तळाचा डावा कोपरा वॉर्पने खाली ओढला, तशी गवताची जमीन थोडी लांबली. गवत लांबलं तर कुणाला कळत नाही. खाच ३५० वर आली. उजवीकडचं आकाश वर ओढायची गरज पडली नाही, आकाश भरणं सोपं असतं.

वॉर्प करताना नजर गाइडवर ठेवा. क्षितिज गाइडवरून हललं की हात मागे घ्या. माणसं, तंबू, मंदिराचे खांब असलेल्या भागात वॉर्प करूच नका. लाइटरूमवाल्यांसाठी `Boundary Warp` चा स्लायडर हेच काम करतो. तो सरळ १०० वर नेऊ नका, साधारण ५० वर थांबून क्षितिज बघा.

आता ठरवा की काय भरायचं आणि काय कापायचं. माझा अंदाज असा आहे की आकाशात चित्राच्या उंचीच्या दहाव्या हिश्शापर्यंत खोल खाच बेधडक भरता येते, जमिनीत त्याच्या निम्मी. त्याहून खोल असेल तर थोडं कापा, उरलेलं भरा. जी गोष्ट कडेला अर्धवट कापली गेली आहे ती सॉफ्टवेअर पूर्ण करू शकत नाही. माणसाचे पाय, तंबूची दोरी, पायऱ्या, कड्याची धार यांच्या बाबतीत त्याला फक्त आजूबाजूचा पोत कळतो, वस्तू कळत नाही.

## ५. निवड: इथेच केसाएवढी रेघ राहते

एकत्रित लेअरच्या छोट्या चित्रावर `Ctrl` धरून क्लिक करा, म्हणजे चित्र असलेला भाग निवडला जाईल. `Select > Inverse` ने निवड उलटवा. आता रिकामी जागा निवडलेली आहे.

लगेच भरायला गेलात तर फसाल. शिवलेल्या कडेवरचे शेवटचे काही पिक्सेल अर्धपारदर्शक असतात. ते निवडीत येत नाहीत आणि भरल्यावर जुन्या कडेच्या आकाराची एक फिकट रेघ चित्रभर राहते. म्हणून `Select > Modify > Expand` मध्ये ८ ते १० पिक्सेल द्या. इतक्या मोठ्या फाइलला एवढं लागतंच. मग `Select > Save Selection` ने ती निवड एका नावाने जपून ठेवा, कारण ती पुन्हापुन्हा लागणार आहे.

तपासा: एकत्रित लेअरच्या खाली भडक गुलाबी रंगाचा सॉलिड कलर लेअर ठेवा. पुढे भरताना कुठे रेघ किंवा भोक राहिलं तर गुलाबी डोकावेल. पांढऱ्या पार्श्वभूमीवर ढगाळ आकाशातली फट मला दोन आठवडे दिसली नव्हती. प्रिंट हातात आल्यावर दिसली.

## ६. भरणं: एकेक तुकडा, आपल्या हाताने दाखवलेल्या नमुन्यातून

सगळी रिकामी जागा एकदम भरू नका. जपलेली निवड `Select > Load Selection` ने आणा, लॅसो घ्या, `Shift+Alt` धरून आकाशाच्या खाचेभोवती वेढा मारा. निवड तेवढ्याच भागापुरती उरेल. मग `Edit > Content-Aware Fill`.

नवी खिडकी उघडते. डावीकडे चित्रावर हिरवी छटा दिसते. सॉफ्टवेअर जिथून नमुना उचलणार आहे तो हा हिरवा भाग. सगळी कारागिरी इथेच आहे. `Custom` निवडा आणि हिरवा ब्रश स्वतः फिरवा. आकाश भरायचं तर फक्त आकाशावर, तेही त्याच बाजूच्या. माझी खाच उजवीकडे, सूर्याच्या बाजूला होती. डावीकडचं गडद निळं आकाश नमुन्यात घेतलं असतं तर कोपऱ्यात ठिगळ दिसलं असतं. `Color Adaptation` आकाशासाठी `High` किंवा `Very High`, कारण तिथे उजेड हळूहळू बदलतो. `Rotation Adaptation` बंद, म्हणजे `None`. `Output To` मध्ये `New Layer`.

यानंतर सगळ्यांचीच एक चूक होते. भरलेला तुकडा नव्या लेअरवर जातो आणि तोच लेअर निवडलेला राहतो. पुढची खाच भरायला गेलात की त्या लेअरवर एक तुकडा सोडून काहीच नसतं, मग उचलायला नमुनाही मिळत नाही. प्रत्येक वेळी खालच्या एकत्रित लेअरवर परत क्लिक करायचं आणि मगच निवड आणायची.

आता तळाची डावी खाच. इथे सोनकी होती, हिरव्या गवतावर पिवळे ठिपके. पहिल्या प्रयत्नात मी नमुना म्हणून खाचेच्या लगेच वरचा छोटा पट्टा दिला. पॅनोरमा मित्राला दाखवला तर त्याने बोट ठेवलं. "अरे, हा दगड बघ आणि हा बघ. जुळे आहेत का?" फुलांच्या दोन झुबक्यांमध्ये एक चपटा दगड होता, तो जसाच्या तसा तीन ठिकाणी आला होता.

दुसऱ्यांदा दोन बदल केले. नमुना मोठा दिला, खाचेपासून उजवीकडे दोन फ्रेम भरेल एवढी गवताची जमीन. आणि तो दगड, एक वाळकी काटकी आणि एक पायवाट, असं जे जे नजरेत भरतं ते सगळं उणे चिन्हाच्या ब्रशने नमुन्यातून पुसलं. विशेष काही नसलेलं गवतच भरायला चांगलं. खाचही एकदम न भरता तीन तुकड्यांत भरली, दर वेळी नमुन्याची जागा थोडी बदलून. `Mirror` ला खूण केली तर पोत उलटून येतो आणि पुनरावृत्ती कमी दिसते. पण ऊन तिरपं असेल तर तसं करू नका. सावल्या एकाच चित्रात दोन दिशांना पडतील.

दोन वेगळ्या गोष्टी जिथे भेटतात, म्हणजे कड्याची धार आणि आकाश, तिथली खाच दोन्हींच्या मधून कधीच भरू नका. आधी आकाश भरा, मग धारेचा तुकडा क्लोन स्टँपने हाताने पुढे ओढा.

शेवटचा हात नेहमी क्लोन स्टँप आणि हीलिंग ब्रशचाच. एका नव्या रिकाम्या लेअरवर, नमुना सगळ्या लेअरमधून घेऊन, जुळी पानं आणि जुळे दगड मोडून काढायचे.

फोटोशॉप नसेल तर हगिनमध्ये शिवून गिंपमध्ये रेसिंथेसायझर प्लगइनचं `Heal Selection` वापरता येतं. क्रम तोच, फक्त नमुन्यावरचा ताबा कमी.

## ७. डोळ्याला फसवून तपासणी

आपणच भरलेली जागा तासाभराने आपल्यालाच दिसेनाशी होते. मी दोन उपाय करतो. सर्वांत वर एक कर्व्हज लेअर टाकून तिची रेषा भलतीच उभी करतो. चित्र भीषण दिसतं, पण आकाशातलं प्रत्येक ठिगळ आणि पट्टा वर येतो. दुरुस्त करून तो लेअर उडवायचा. मग `Image > Image Rotation > Flip Canvas Horizontal`. उलट्या चित्रात डोळ्याची सवय मोडते आणि जुळे दगड लगेच सापडतात. बघून झालं की परत उलटवा.

भरलेला भाग आजूबाजूपेक्षा गुळगुळीत दिसत असेल, विशेषतः धुक्यात, तर त्या लेअरवर थोडा नॉइज घाला. १०० टक्क्यांवर बघून ठरवा.

आता कॉन्ट्रास्ट, रंग, शार्पनिंग.

## ८. सेव्ह आणि प्रिंट

सात फ्रेम, एकत्रित लेअर, भरलेले तुकडे, सगळं १६-बिट. अशी फाइल सहज दोन जीबी ओलांडते आणि पीएसडीची मर्यादा तेवढीच आहे. सेव्ह करताना `Large Document Format` निवडा, म्हणजे फाइल पीएसबी होईल. सपाट प्रत वेगळी काढा.

स्पर्धेला पाठवत असाल तर आधी नियम वाचा. भरलेल्या कडांमध्ये प्रत्यक्षात नसलेलं गवत आणि आकाश आहे. बऱ्याच ठिकाणी ते चालत नाही, बातमीच्या फोटोत तर नाहीच. तिथे सरळ क्रॉप करा.

घरी भिंतीवर लावायचं असेल तर फ्रेमवाल्याला आधी विचारा की माउंट कडेवर किती चढणार. साधारण अर्धा सेंटिमीटर तरी जातोच. तेवढी कडा सगळ्या बाजूंनी जास्त ठेवा आणि भरण्यात जे तुकडे मनासारखे जमले नाहीत ते त्याच पट्टीत येतील असं बघा. माझा तिसरा जुळा दगड अजूनही तिथेच आहे, माउंटखाली.